हप्ता तिमाही, व्याज मासिक: वर्तमान मूल्याचं उत्तर जवळ येऊनही का जुळत नाही

हा प्रश्न दर काही महिन्यांनी नव्या माणसाकडून येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. तक्रार साधारण अशी असते: रक्कम दर तीन महिन्यांनी मिळणार किंवा द्यायची आहे, व्याज मात्र दर महिन्याला चक्रवाढ होतं. आजची किंमत काढली की उत्तर भलतंसलतं येत नाही, अगदी जवळचं येतं. पण समोरच्याच्या उत्तराशी जुळत नाही. फरक हजार-दोन हजारांचा असतो, कधी सहा-सात हजारांचा. एवढ्या लहान फरकामुळे माणूस पैसे राऊंड करताना चुकलं असेल म्हणून सोडून देतो. राऊंड केल्याने एवढा फरक पडत नाही. तो दर किंवा हप्ता चुकल्याचा फरक असतो.

अलीकडचंच उदाहरण घेऊ. नागपूरला अमरावती रोडवर वाडीला गोदाम आहे. इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याने ते पाच वर्षांसाठी भाड्याने घ्यायचं ठरवलं. भाडं तिमाहीला ₹४५,०००, तिमाही संपली की द्यायचं. म्हणजे एकूण २० हप्ते आणि साधी बेरीज ₹९,००,०००. मालकाला घरच्या कामासाठी पैसा लागत होता, म्हणून त्यांनी विचारलं की पाचही वर्षांचं भाडं आजच एकरकमी दिलं तर किती द्याल? व्यापारी हा पैसा आपल्या कॅश क्रेडिट खात्यातून उचलणार होता. तिथे दर वर्षाला १२ टक्के, आणि व्याज दर महिन्याच्या शेवटी खात्याला लागतं. म्हणून हिशोबाचा दर हाच धरायचा, यावर दोघांचं एकमत होतं.

मालकाच्या पुतण्याने ₹६,७४,३२६ काढले. व्यापाऱ्याच्या मुलाने ₹६,६९,४८६ काढले. हिशोब पाहणाऱ्याकडे कागद आला तेव्हा तिसराच आकडा निघाला, ₹६,६७,६२७. दर तोच, मुदत तीच, भाडं तेच. व्यापाऱ्याचा मुलगा म्हणाला, "काहून भाऊ, बारा भागिले चार तीनच होते नं?"

होतात. पण इथे तो भागाकार करायचाच नाही.

तीन टक्के कुठे बिघडतात

वर्षाला १२ टक्के, मासिक चक्रवाढ, याचा अर्थ दर महिन्याला १ टक्का. आता ₹१०० कर्ज तिमाहीच्या सुरुवातीला घेतलं आणि तीन महिने हात लावला नाही, असं समजा. पहिल्या महिन्याअखेर १०१ होतात. दुसऱ्या महिन्यात १ टक्का लागतो तो १०१ वर, म्हणून १०२.०१. तिसऱ्या महिन्याअखेर १०३.०३०१. म्हणजे तीन महिन्यांत खरं व्याज ३ टक्के नाही, ३.०३०१ टक्के झालं. वरचे ०.०३०१ हे व्याजावरचं व्याज.

मुलाने ३ टक्के धरले तेव्हा त्याने न कळत गृहीत धरलं की व्याज तिमाहीतून एकदाच लागतं. तसं कर्ज थोडं स्वस्त पडतं. दर कमी धरला की पुढच्या हप्त्यांची आजची किंमत जास्त दिसते, म्हणून त्याचा आकडा खऱ्यापेक्षा ₹१,८५९ ने वर गेला. गंमत अशी की पैसे देणारा तोच होता आणि चूक त्याच्याच खिशाला लागणारी होती.

वार्षिकी म्हणजे ठरावीक काळाने येणाऱ्या सारख्या हप्त्यांची माळ. तिच्या सूत्राची एकच अट असते: त्यात जो दर घालाल तो हप्त्याच्याच कालावधीचा हवा. हप्ता तिमाही तर दर तिमाही. पण तो तिमाही दर असा पाहिजे की त्याने पैसा तेवढाच वाढावा जेवढा तीन महिन्यांच्या मासिक चक्रवाढीने वाढतो. यालाच समतुल्य दर म्हणतात. तो असा निघतो:

```
i = (1 + 0.12/12)^(12/4) - 1
  = 1.01^3 - 1
  = 0.030301
```

घातांकातल्या अपूर्णांकात वर वर्षातल्या चक्रवाढीच्या वेळा येतात, खाली वर्षातले हप्ते. हे उलटं लिहिणारे पुष्कळ आहेत. उलटं केलं तर 1.01 चा घात एक-तृतीयांश होतो आणि दर 0.33 टक्क्यांच्या आसपास येतो. ही चूक ओळखायला सूत्राचीही गरज नाही: तिमाहीचा दर महिन्याच्या दरापेक्षा कमी कसा असेल? तिथेच थांबायचं.

दर मिळाला की पुढचं नेहमीचंच:

```
PV = 45000 * (1 - 1.030301^-20) / 0.030301
   = 45000 * 14.836157
   = 667627.05
```

इथे `1.030301^-20` आणि `1.01^-60` हे एकच आहेत, दोन्ही 0.550450. कंसाच्या आत ६० महिने घ्या किंवा २० तिमाह्या घ्या, काही फरक पडत नाही. फरक पडतो तो भागाकारात. खाली 0.03 गेलं की चूक, 0.01 गेलं की मोठी चूक.

पंधरा हजार महिना, हा शॉर्टकट

मालकाच्या पुतण्याचा विचार वेगळा होता आणि वरवर पाहता जास्त हुशारीचा. व्याज मासिक आहे ना, मग हप्ताही मासिक करून टाकू. ४५,००० भागिले ३, महिन्याला ₹१५,०००. दर १ टक्का, हप्ते ६०. दर आणि हप्ता एकाच कालावधीचे झाले, सूत्राची अट पाळली गेली. उत्तर ₹६,७४,३२६.

अट पाळली गेली खरी, पण हप्ता बदलला. गोदामाचं भाडं तीन महिने संपल्यावर एकदम मिळतं. पुतण्याच्या हिशोबात १५,००० पहिल्याच महिन्याअखेर हातात आले, १५,००० दुसऱ्या महिन्याअखेर. पहिल्या रकमेला दोन महिने व्याज मिळालं, दुसरीला एक महिना. तिमाहीअखेर ते ₹४५,४५१.५० होतात, ४५,००० नाही. म्हणजे मालकाने दर तिमाहीला साडेचारशे रुपये जास्त भाडं धरलं. सगळ्या मुदतीत मिळून आजच्या किमतीत ₹६,६९९ चा फरक.

ही वाट मुळातून चुकीची नाही, फक्त ३ ने भागायचं नाही. भागायचं ते 3.0301 ने. हा आकडा म्हणजे महिन्याला एक रुपया ठेवला तर तीन महिन्यांच्या शेवटी जे जमतं ते: 1.0201 + 1.01 + 1. म्हणून ४५,००० ला तोडीस तोड मासिक हप्ता ₹१४,८५१ च्या आसपास येतो (पैशांसकट 14850.995). त्याला ६० महिन्यांच्या गुणकाने, 44.955038 ने, गुणलं की पुन्हा ₹६,६७,६२७ मिळतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की मला तरी पुढे शंका राहत नाही. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी दर बदलण्याचीच पद्धत सांगतो कारण ती लहान आहे. पण पुतण्यासारखा माणूस समोर असला तर हप्ता बदलण्याची पद्धत त्याला लवकर पटते, कारण त्याची चूक नेमकी कुठे आहे ते तिथे बोट ठेवून दाखवता येतं.

उत्तर फारच लांब असेल तर

वरच्या दोन चुका बारीक आहेत. दोन ठोकळ चुकाही येतात. एकात हप्ता ४५,००० ठेवून दर १ टक्का आणि हप्ते ६० धरतात. उत्तर वीस लाखांच्या वर जातं. एकूण भाडंच नऊ लाख आहे, तेव्हा आजची किंमत त्याच्या वर जाणं शक्य नाही. ही चूक डोळ्यांनी पकडता येते.

दुसरी जास्त फसवी: हप्ते २० बरोबर धरले, पण दर १ टक्काच ठेवला. उत्तर ₹८,१२,०५०. नऊ लाखांच्या आत आहे, म्हणून संशय येत नाही. यासाठी मी एक अंदाज आधी काढून ठेवतो. पहिला हप्ता ३ महिन्यांनी, शेवटचा ६० महिन्यांनी, म्हणजे सरासरी हप्ता साडेएकतीस महिन्यांनी येतो. सगळे नऊ लाख त्या एकाच दिवशी मिळाले असं समजून १ टक्क्याने मागे आणले तर ₹६,५७,८०० च्या जवळपास येतात. हप्ते सगळे सारखे असतील तर खरं उत्तर नेहमी या अंदाजाच्या थोडं वर असतं, कारण लवकर मिळणाऱ्या हप्त्यांचा फायदा उशिरा मिळणाऱ्यांच्या तोट्यापेक्षा जरा जास्त भरतो. ६,६७,६२७ तिथे बसतं. ८,१२,०५० बसत नाही. पण या अंदाजाने ६,६९,४८६ पकडता येणार नाही, तो पकडायला पुढची तपासणी लागते.

खातं शून्यावर आणून बघा

भांडण मिटवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. आज जी रक्कम ठरेल ती महिना १ टक्का व्याज देणाऱ्या खात्यात टाकली आणि दर तिसऱ्या महिन्याला ४५,००० काढले, तर साठाव्या महिन्याला खातं बरोबर शून्य व्हायला हवं. जास्त उरले तर रक्कम जास्त होती, उणे झालं तर कमी.

पहिली तिमाही हाताने करून पाहा. ६,६७,६२७.०५ वर एक टक्का, ६,७४,३०३.३२. पुन्हा एक टक्का, ६,८१,०४६.३५. पुन्हा, ६,८७,८५६.८२. आता ४५,००० काढा, उरले ६,४२,८५६.८२. पुढच्या एकोणीस तिमाह्या अशाच. एवढं हाताने कोणी करत नाही, म्हणून स्प्रेडशीटमध्ये `A1` मध्ये 0 आणि `B1` मध्ये आजची रक्कम लिहा. `A2` पासून 1 ते 60 महिने. `B2` मध्ये हे घालून खाली ओढा:

```
=B1*1.01-IF(MOD(A2,3)=0,45000,0)
```

`B61` मध्ये शून्य दिसलं पाहिजे. पैशाच्या अंशाचा फरक चालतो. सुरुवातीला मुलाचा ₹६,६९,४८६ घातला तर शेवटी खात्यात जवळपास ₹३,३७७ शिल्लक राहतात. आजचे जास्तीचे १,८५९ पाच वर्षांत तेवढे झालेले असतात. हे दिसल्यावर वाद संपला. मालकाला आकडा आवडला नाही, पण कुठे बोट ठेवावं हे त्यांनाही सापडलं नाही.

स्प्रेडशीटमध्ये थेट उत्तर हवं असेल तर:

```
=PV((1+12%/12)^3-1,20,-45000,0,0)
```

इथे पहिल्या जागी `12%/4` लिहिलं जातं, आणि तीच मुलाची चूक. संगणक तक्रार करत नाही, त्याच्या दृष्टीने 0.03 हाही एक चांगला दर आहे.

साध्या कॅल्क्युलेटरवर

ज्यांना परीक्षेत बारा आकडी साधाच कॅल्क्युलेटर नेता येतो, त्यांची अडचण वेगळी असते. पद्धत कळलेली असते, पण बटणं मोजण्यात चूक होते. आधी समतुल्य दर: 1.01, मग `×`, मग `=` दोनदा. तीनदा नाही. पहिल्या `=` ला वर्ग येतो, दुसऱ्याला घन. तीनदा दाबलं तर 1.04060401 दिसतं. तो चार महिन्यांचा आकडा आहे. 1.030301 कागदावर लिहून घ्या आणि `AC` दाबा. हे `AC` विसरलं तर आधीची उत्तरं `GT` च्या बेरजेत जाऊन बसतात आणि शेवटी `GT` चा आकडा सुमारे दोनाने वाढलेला येतो. या विषयात मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

मग 1 `÷` 1.030301, आणि `=` वीस वेळा. भागाकारात पहिलाच `=` पहिल्या हप्त्याचा, म्हणून इथे पूर्ण वीस. पहिल्याला 0.9705 दिसेल, दुसऱ्याला 0.9420. तसं दिसत नसेल तर तुमच्या यंत्रावर ही सोय वेगळ्या तऱ्हेने चालते. घरीच तपासून घ्या, परीक्षेच्या हॉलमध्ये नको. विसाव्याला 0.5504 आलं की मोजणी बरोबर झाली. आता `GT` दाबा, 14.836 मिळेल. त्याला ४५,००० ने गुणा.

दर मध्येच कापू नका. 3.0301 ऐवजी 3.03 घेतलं तर या उदाहरणात फरक फक्त सहा रुपयांचा पडतो, ते चालून जातं. पण 3.03 वरून "जवळपास 3" वर आलात की तुम्ही परत १,८५९ च्या खड्ड्यात.

भाडं तिमाहीच्या सुरुवातीला असेल तर

नागपुरात पुष्कळ करारांत भाडं आगाऊ असतं. तसं असेल तर प्रत्येक हप्ता एक तिमाही आधी येतो, म्हणून वरचं उत्तर 1.030301 ने गुणायचं: ₹६,८७,८५७. इथे 1.01 ने गुणण्याची चूक सर्रास होते, कारण डोक्यात "व्याज मासिक" पक्कं बसलेलं असतं. हप्ता एक महिना अलीकडे सरकत नाही, तीन महिने सरकतो. स्प्रेडशीटमध्ये शेवटचा 0 बदलून 1 केला की काम होतं, दर तोच.

दर नेमका कोणता दिलाय

हे सगळं धरून चालतं की १२ टक्के हा वर्षाचा नाममात्र दर आहे आणि तो १२ ने भागायचा आहे. कधी कधी दिलेला १२ टक्के हा प्रभावी दर असतो, म्हणजे चक्रवाढ सगळी धरून वर्षाअखेर १०० चे ११२ होतात. तेव्हा मासिक-तिमाही हा प्रश्नच उरत नाही. तिमाहीचा दर 1.12 चं वर्गमूळ, त्याचं पुन्हा वर्गमूळ, उणे १, म्हणजे २.८७३७ टक्के. उत्तर ₹६,७७,३६९. फरक जवळपास दहा हजारांचा, म्हणून आकडेमोडीला हात घालण्याआधी दराचा अर्थ विचारून घ्या. प्रश्नपत्रिकेत "मासिक चक्रवाढीने वार्षिक १२ टक्के" असं लिहिलं असेल तर तो नाममात्रच.

खऱ्या कॅश क्रेडिट खात्यात अजून एक बारकावा आहे. बँका एप्रिल २००२ पासून साधारण कर्जांवर दर महिन्याला व्याज लावतात (शेतीकर्जाची पद्धत वेगळी), पण ते काढतात रोजच्या बाकीवर. त्यामुळे ३१ दिवसांच्या महिन्यात व्याज 1.019 टक्के पडतं आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत 0.92. वर्षभरात हे जवळपास सारखं होतं. म्हणून वाटाघाटीसाठी दर महिना १ टक्का धरायला हरकत नाही. पण बँकेच्या स्टेटमेंटशी रुपया-रुपया जुळवायला बसू नका, जुळणार नाही.

भाडं दर वर्षी वाढत असेल तर

वाडीच्या व्यवहारात शेवटी हाच प्रश्न आला. मालक म्हणाले, दर वर्षी ५ टक्के वाढ धरा. अशा वेळी २० हप्त्यांचा एक गुणक चालत नाही, कारण हप्ते सारखे राहिले नाहीत. पण वर्षाच्या आतले चार हप्ते सारखेच आहेत. म्हणून वर्षावर्षाचे गठ्ठे करायचे. समतुल्य दर जसाच्या तसा राहतो, ०.०३०३०१. चार तिमाह्यांचा गुणक 3.714424 येतो. पहिल्या वर्षाचं भाडं ४५,०००, त्याची आजची किंमत ₹१,६७,१४९. दुसऱ्या वर्षी ४७,२५०, त्याला त्याच गुणकाने गुणून मिळते ती किंमत दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीची असते. ती बारा महिने मागे आणायला 1.01 च्या बाराव्या घाताने भागायचं, ₹१,५५,७५३. तिसऱ्या वर्षाचा गठ्ठा चोवीस महिने मागे, असं पाचव्यापर्यंत. मागे आणताना महिने मोजा किंवा तिमाह्या मोजा, दोन्हीतून एकच येतं. पाचही गठ्ठे मिळून ₹७,२९,२९४ झाले, आणि व्यवहार त्याच आकड्यावरून पुढे गेला.